दादाची पट्टी

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. पहाटे पाचला दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर माझा चुलतभाऊ, आमचा दादा, उभा. अंगावर कांद्याची सालपटं, डोळे जागरणाने लाल. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाहून तो रात्रभर ट्रकमध्ये बसून हैदराबादला आला होता. गावातल्या चौघांनी मिळून ट्रक केला होता आणि त्यात दादाची ८० पोती होती. चहा घेऊन तो लगेच बाजारात गेला आणि दुपारी जेवायला परतला, तेव्हा त्याच्या खिशात अडत्याने दिलेली हिशोबपट्टी होती.

माझी मुलगी बारावीला होती. तिने विचारलं, "काका, किती मिळाले?" दादाने काही न बोलता पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि ताटावर बसला.

पट्टीवर तीन वक्कलं होती. मोठा, एक नंबरचा कांदा १८ क्विंटल, भाव ९०० रुपये. मध्यम १४ क्विंटल, भाव ६००. आणि गोल्टी, म्हणजे लिंबाएवढा बारीक कांदा, ८ क्विंटल, भाव २५०. एकूण झाले २६,६०० रुपये. मुलगी म्हणाली, "बरे आहेत की!" दादा हसला आणि म्हणाला, "खाली वाच."

खाली खर्चाच्या ओळी होत्या. मोटारभाडं पोत्यामागे १०० रुपये, म्हणजे ८,०००. अडत शेकडा चार, म्हणजे १,०६४. हमाली पोत्यामागे १० रुपये, ८००. तोलाई पोत्यामागे दोन, १६०. सगळे मिळून १०,०२४ रुपये गेले आणि दादाच्या हातात १६,५७६ आले.

जेवण झाल्यावर दादाने स्वतःची वही काढली. पट्टीत न दिसणारा खर्च त्या वहीत होता. ८० बारदानं २५ रुपयांप्रमाणे २,०००. वीस गुंठ्यांतला कांदा उपटणं, पात कापणं, निवडणं, ही मजुरी उक्ती ६,०००. पोती भरून, शिवून गाडीत चढवणं ८००. हे वजा केल्यावर उरले ७,७७६. आणि बी, रोप, लागण, खत, फवारणी यांवर त्याआधी सुमारे १८,००० खर्च झाले होते. घरच्या माणसांच्या राबणुकीचा आकडा त्या वहीत नव्हताच.

म्हणजे दहा हजारांचा तोटा. पण मुलीच्या डोक्यात वेगळीच गोष्ट अडकली. तिने गोल्टीची १६ पोती वेगळी काढली. पोतं ५० किलोचं, म्हणजे एका पोत्याचे १२५ रुपये. त्यातून भाडं १००, हमाली-तोलाई १२, अडत पाच. उरले आठ रुपये. पण बारदान २५ रुपयांचं आणि भरणी-चढवणीचे १०. म्हणजे एकेका पोत्यामागे २७ रुपये पदरचे घातले. ती म्हणाली, "काका, ही १६ पोती शेतातच ठेवली असती तर तुम्हाला ४३२ रुपये जास्त मिळाले असते."

दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माल घरात पडलेला बघवत नाही गं. वाटतं, जाऊ दे, येतील तेवढे येतील."

मला त्या दिवशी हा हिशोब पहिल्यांदा कळला. अडत भावाबरोबर कमी-जास्त होते. भाव पडला की अडतही उतरते. पण भाडं, हमाली, तोलाई, बारदान हे पोत्यावर ठरतं. पोत्यात ४५० रुपयांचा माल असो की १२५ चा, ट्रकला आणि हमालाला वजन तेवढंच. त्यात त्यांची लबाडीही नाही. ट्रकला डिझेल तेवढंच लागतं, हमालाची पाठ तेवढीच वाकते. म्हणून भाव निम्मा झाला की शेतकऱ्याचं उत्पन्न निम्मं होत नाही, त्याहून कितीतरी खाली जातं. त्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा दोन रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी सगळीकडे गाजली होती. भाव किलोला एक रुपया आणि कपात ५०९ रुपयांच्या वर. लोकांना तो चमत्कार वाटला. दादाच्या गोल्टीचा हिशोब पाहिल्यावर आम्हाला वाटला नाही.

मुलीने विचारलं, "मग भाव येईपर्यंत थांबायचं ना?" दादाने समजावलं, की उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, पण हा लाल कांदा. याच्यात पाणी जास्त, मान जाड. उन्हं तापली की पंधरा-वीस दिवसांत कोंब येतात नाहीतर सडतो. सगळ्यांचा लाल कांदा एकाच वेळी निघतो आणि सगळ्यांना तो लगेच विकावा लागतो. भाव पडतो तो त्यामुळेच.

"मग सोलापूर सोडून इतक्या लांब का आणला?" हा माझा प्रश्न. त्या आठवड्यात सोलापुरात एक नंबरला ७०० चा भाव होता, इथे ९००. क्विंटलला दोनशेचा फरक ऐकून चौघे निघाले. आम्ही तोही हिशोब मांडला. इथे एका पोत्याचे ४५०, त्यातून भाडं १००, अडत १८, हमाली-तोलाई १२, उरले ३२०. सोलापूरला ३५० चं पोतं, भाडं ३५, हमाली-तोलाई तेवढीच. आणि महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असल्यामुळे ती ओळ नाही. उरले ३०३. साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास आणि एक रात्र जागून पोत्यामागे १७ रुपये! गोल्टी तर तिथे निदान भाडं भरून निघाली असती.

खरा चटका पुढच्या महिन्यात बसला. मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. अट अशी, की विक्री राज्यातल्या बाजारात झालेली हवी, विक्रीपट्टी हवी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. दादाच्या सातबाऱ्यावर नोंद होती. पट्टी मात्र हैदराबादची. ४० क्विंटलचे १४,००० रुपये गेले. ते पैसे बाकीच्यांनाही यायला महिने लागले, पण आले.

त्या संध्याकाळी दादाला बसमध्ये बसवून परतताना बायकोने गाडीवरून दोन किलो कांदे घेतले. वीस रुपये किलो. मुलीने भाव केला नाही, हे मी पाहिलं.

आता दादा निघण्याआधी तिला फोन करतो. पूर्वी तो इथला भाव विचारायचा. आता म्हणतो, "बाळ, पोत्यामागे हातात किती राहतील, तेवढं सांग." तिच्या वहीत त्याच्यासाठी एक पान आहे. त्याच्या डोक्यावर तिने लिहिलंय: पोत्याचे १५३ रुपये. त्या वर्षीच्या खर्चाने इतक्याच्या खाली भाव असेल तर हैदराबादला पोतं भरायचंच नाही. भाडं वाढलं की ती तो आकडा खोडून नवा लिहिते. आजवर तीनदा खोडलाय.