बेरीज जुळली, तरी बार चुकला

बेदाण्याच्या अडतीत हिशेब लिहिणं हे माझं काम. सौद्याच्या दिवशी तासगावात रात्री उशिरापर्यंत पट्ट्या जुळवत बसावं लागतं. त्यामुळे भाची स्वाध्यायाचा कागद घेऊन आली आणि "मामा, एवढी बेरीज तपासून द्या की" म्हणाली, तेव्हा मला ते काम परकं वाटलं नाही. कागद मात्र वेगळा होता. ती कीबोर्ड शिकते आणि यंदा पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीची परीक्षा देणार आहे. बाईंनी फोनवर पाठवलेल्या फोटोवरून दोन ओळी उतरवून घ्यायच्या, प्रत्येक स्वराखाली त्याचं मूल्य लिहायचं, बारची बेरीज करायची आणि दुसऱ्या ओळीला टाइम सिग्नेचर द्यायची, असा तो स्वाध्याय होता.

माझं शिक्षण तबल्याचं. मिरजेत मुख्यालय असलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मी तरुणपणी दिल्या. लेखी पेपरात एकच ताल पलुस्कर पद्धतीने आणि भातखंडे पद्धतीने लिहावा लागे. विष्णु दिगंबर पलुस्कर इथून फार लांबचे नाहीत, त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रेचं चिन्ह येतं. एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य. भातखंड्यांच्या पद्धतीत मात्रा आधीच खणासारखी आखलेली असते. एका मात्रेत कितीही स्वर आले तरी त्यांच्याखाली एकच कंस. तिथे मात्रा हरवायला जागाच फार कमी. पाच रेघांच्या स्टाफवर मात्र पलुस्करांसारखाच मामला आहे. प्रत्येक स्वर आपलं मूल्य स्वतःच्या अंगावर बाळगतो. गोल पोकळ की भरीव, त्याला दांडी आहे का, दांडीला शेपूट आहे का, शेजारी टिंब आहे का, यावरून त्याची किंमत ठरते. एवढ्याशा खुणेवर किंमत ठरते म्हणून बेरीज करून पाहावीच लागते.

तासगावात स्टाफची छापील वही मिळाली नाही. म्हणून भाचीने इंग्रजी सुलेखनाची चाररेघी वही घेतली आणि पट्टीने पाचवी रेघ ओढली. तिच्या वहीत मधला पट्टा अरुंद आणि वरखालचे रुंद होते. रेघांमधली अंतरं सारखी नसली की स्वर रेघेवर आहे की घरात, हेच नीट कळत नाही. आणि पुढे दिसेल तसं, मूल्याची चूकसुद्धा तिथूनच शिरते.

पहिली ओळ ३/४ ची होती. म्हणजे एका बारमध्ये तीन क्रॉचेट. क्रॉचेटला एक मात्रा धरली, तर मिनिमच्या दोन, क्वेव्हरची अर्धी आणि सेमीक्वेव्हरची पाव. स्वराच्या उजवीकडे टिंब आलं की त्याची किंमत निम्म्याने वाढते. टिंबाचा क्रॉचेट दीड मात्रेचा, टिंबाचा क्वेव्हर पाऊण मात्रेचा. भाची अपूर्णांक मांडून बेरीज करत होती आणि छेद समान करताना अडत होती. मी तिला म्हटलं, ओळीतला सगळ्यात लहान स्वर शोध आणि सगळं त्याच नाण्यात मोड. या ओळीत सगळ्यात लहान होता पाव मात्रेचा सेमीक्वेव्हर. तेव्हा क्रॉचेटचे चार पाव, मिनिमचे आठ, क्वेव्हरचे दोन आणि बार पुरा झाला तर बारा. अपूर्णांक संपले.

पहिला बार असा होता : टिंबाचा क्रॉचेट, क्वेव्हर, क्रॉचेट. सहा, दोन, चार. बारा. दुसरा : मिनिम आणि दोन क्वेव्हर. आठ, दोन, दोन. बारा. तिसऱ्यात टिंबाचा क्वेव्हर, त्याला जोडलेला सेमीक्वेव्हर, मग क्रॉचेट आणि शेवटी क्वेव्हर. तीन, एक, चार, दोन. दहाच भरले.

"मग एक क्वेव्हर घालू का शेवटी?" भाचीने लगेच पेन्सिल उचलली. मी तिचा हात थांबवला. हिशेबात फरक आला की अनुभवी माणूस तो कुठेतरी भरून टाकत नाही, आधी फरकाचा आकडा बघतो. नावेची रक्कम चुकून जमेला पडली असेल तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून फरक निम्मा करून ती रक्कम वहीत शोधायची असते. बारच्या फरकालाही असंच वाचता येतं. कमी पडलेली रक्कम एखाद्या स्वराच्या बरोबर निम्मी असेल, तर त्याचं टिंब गेलं असण्याचा संशय घ्यावा. एखाद्या क्रॉचेटच्या किमतीएवढंच कमी पडत असेल, तर मिनिमचा पोकळ गोल पेन्सिलीने भरला गेला असेल. आणि क्वेव्हरची शेपूट काढायची राहिली, तर तो क्रॉचेट दिसतो आणि बार अर्ध्या मात्रेने जास्त भरतो. इथे कमी पडले होते दोन, आणि बारमध्ये चार पावांचा एक क्रॉचेट होता.

तो क्रॉचेट खालून दुसऱ्या रेघेवर बसलेला होता. कागद उजेडाकडे तिरपा धरला तेव्हा त्याच्या उजवीकडे रेघ किंचित जाड झालेली दिसली. भाचीने टिंब दिलं होतं, पण ते रेघेवरच दिलं होतं आणि रेघेत ते बुडून गेलं होतं. स्वर घरात असेल तर टिंब त्याच घरात येतं. स्वर रेघेवर असेल तर टिंब वरच्या घरात सरकवायचं असतं, ते याचसाठी. तरी एवढ्यावर निकाल दिला नाही. फोनवरचा मूळ फोटो मोठा करून पाहिला. टिंब होतं. चाराचे सहा झाले आणि बार बारावर आला. शेवटी क्वेव्हर घातला असता तरी बेरीज जुळलीच असती, पण चाल दुसरीच झाली असती.

चौथ्या बारमध्ये स्वर नव्हता, फक्त चौथ्या रेघेला खालून टांगलेला एक छोटा काळा आयत होता. ही सेमीब्रीव्हची विश्रांती. भाचीने तिच्याखाली सोळा लिहिले आणि बार चुकलाय म्हणून त्यावर काट मारली. हा बार मुळात बरोबर होता. पूर्ण बार रिकामा ठेवायचा असेल तर हीच खूण वापरतात, मग बार तीन मात्रांचा असो की चारांचा. बारमध्ये ती एकटी असेल तेव्हा तिची किंमत बारएवढी धरायची. हाताने लिहिलेल्या कागदावर आणखी एक बघावं लागतं. तोच आयत मधल्या रेघेवर बसवला तर तो मिनिमची, म्हणजे दोनच मात्रांची विश्रांती होतो. इथे तो नीट टांगलेला होता, म्हणून काट खोडायला सांगितली.

दुसऱ्या ओळीने खरा वेळ घेतला. तिच्यात सेमीक्वेव्हर नव्हता, त्यामुळे क्वेव्हरवर मोजलं. पहिल्या बारमध्ये सहा क्वेव्हर, तीन-तीनचे दोन जुडगे, प्रत्येक जुडग्याच्या दांड्या एका आडव्या पट्टीने जोडलेल्या. दुसऱ्यात क्रॉचेट, क्वेव्हर, क्रॉचेट, क्वेव्हर. तिसऱ्यात टिंबाचे दोन क्रॉचेट. चौथ्यात टिंबाचा एक मिनिम. चारही बार सहा-सहा क्वेव्हरचे. भाचीने सहा क्वेव्हरचे तीन क्रॉचेट केले आणि ओळीच्या आरंभी ३/४ लिहिलं.

"बेरीज तर बरोबर आली की मामा."

बेरीज बरोबरच होती. पण टाइम सिग्नेचर बारमध्ये किती माल आहे एवढंच सांगत नाही, तो कसा बांधलाय हेही सांगते. सहा क्वेव्हर दोन-दोनच्या तीन गटांत बांधले तर ३/४, तीन-तीनच्या दोन गटांत बांधले तर ६/८. वजन दोन्हीकडे सारखंच. चौथा बार एकटा पाहिला तर त्यावरून काहीच ठरत नाही, टिंबाचा मिनिम दोन्हींत बसतो. म्हणून ज्या बारमध्ये जास्त हालचाल आहे तो बघायचा. पहिल्यातली जोडपट्टी तीन-तीनची. तिसऱ्यात बार बरोबर मधोमध दुभंगलेला. दुसऱ्यातही दुसरा क्रॉचेट नेमका मध्यावर सुरू होतो. ३/४ धरलं तर तो दुसऱ्या मात्रेच्या पोटात पडतो. तसं मुद्दाम लिहिता येतं, पण सबंध ओळीत तीनपैकी एकाही बारला तीन मात्रांचे गट दिसत नाहीत, तेव्हा ते ३/४ म्हणणं टिकत नाही.

हे तिला कागदावर पटेना. मग मी तबल्यावर दादरा धरला. धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिलीवर टाळी आणि चौथीवर खाली. तिला तिची ओळ वाजवायला सांगितली. दुसरा बार दादऱ्यावर अलगद बसला, क्रॉचेट पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. मग ठेका सोडून नुसत्या तीन टाळ्या दिल्या, दोन-दोन क्वेव्हरला एक. त्यावर तोच बार अडखळला. तिने लगेच मान हलवली आणि ३/४ खोडून ६/६ लिहिलं.

दादऱ्याच्या सहा मात्रांवरून ती तिथे पोचली, हे मला समजलं. आपल्या तालात एकच आकडा लागतो, मात्रांचा. टाइम सिग्नेचरमध्ये दोन लागतात आणि खालचा आकडा मोजणीचा नसून स्वराच्या जातीचा असतो. सेमीब्रीव्हचे किती भाग केले ते तो सांगतो. २ म्हणजे मिनिम, ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर, १६ म्हणजे सेमीक्वेव्हर. सहा हा आकडा खाली येतच नाही, कारण सेमीब्रीव्हच्या सहाव्या भागाचा स्वर या लेखनात नाही. आणि हा अपूर्णांकही नव्हे. दोन आकड्यांमध्ये वेगळी रेघ ओढायची नसते, वरचा आकडा वरच्या दोन घरांत आणि खालचा खालच्या दोन घरांत बसतो. भाचीने शाळेतल्या सवयीने मधे आडवी रेघ दिली होती, ती पुसून ६/८ नीट बसवायला लावलं.

दादऱ्याचा आधार कुठवर घ्यायचा, हेही तिला सांगून ठेवलं. दादऱ्यात आपण सहा मात्रा मोजतो. ६/८ जलद वाजताना मात्र ठोके दोनच धरतात आणि एकेक ठोका टिंबाच्या क्रॉचेटचा असतो. शिवाय तिथे खाली नाही. तबला वाजवणाऱ्याने खालीची जागा शोधत बसू नये.

घरी मुलांचे असे कागद तपासणाऱ्यांना एवढंच सांगेन. वही गणिताची, चौकटीची घ्या, सलग पाच रेघा गडद केल्या की अंतरं सारखी मिळतात. प्रत्येक बारखाली सगळ्यात लहान स्वराच्या नाण्यात बेरीज लिहून घ्या. फरक आला तर भर घालण्याआधी मूळ प्रत काढा. आणि बेरीज जुळली, तरी जोडपट्ट्या कशा बांधल्यात ते पाहिल्याशिवाय टाइम सिग्नेचरवर बरोबरची खूण करू नका.