आहेराची रांग

पूर्वी लग्नाची डीव्हीडी हातात ठेवली, राहिलेली बाकी घेतली की आमचा त्या घराशी संबंध संपायचा. पुढे ती कुणी बघतंय की कपाटात आल्बमशेजारी पडलीय, कळायला मार्ग नसे. आता फिल्म यूट्यूबवर चढवून लिंक पाठवतो. सगळे तिला प्रायव्हेट लिंक म्हणतात, पण ती असते अनलिस्टेड. शोधून सापडत नाही, मात्र लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फिल्म दिसते. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती पडली की संध्याकाळपर्यंत चुलत्यांच्या व्याह्यांपर्यंत पोहोचते.

चॅनेल माझं असल्यामुळे फिल्मचा कोणता भाग किती पाहिला गेला, याचा आलेख मला दिसतो. बघणारे अगदीच थोडे असतील तर तो येत नाही. आला, तर रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते आणि जिथे लोक मागे येऊन पुन्हा पाहतात तिथे उंचवटा येतो. अडीच तासांच्या फिल्मचे शंभर तुकडे पडतात, म्हणजे एक तुकडा दीड मिनिटाचा. त्या दीड मिनिटात लोक नेमकं काय बघतायत, ते आपण फुटेजसमोर बसून ओळखायचं. फसायलाही होतं. लिंकखाली मी हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका यांच्या वेळा लिहून देतो. लोक त्यांवर बोट ठेवून थेट तिथे उतरतात, त्यामुळे तिथे रेषा एकदम चढते. ती नुसती उडी असते. खरी आवर्तनं बहुधा अशा ठिकाणी सापडतात, जिथे मी वेळ लिहून दिलेलीच नसते.

सांगलीकडचं एक लग्न सांगतो. अंतरपाट दूर होतानाचा क्षण तीन कॅमेऱ्यांवर घेतला होता, अक्षता स्लो मोशनमध्ये, वरातीला ड्रोन. पहिल्या आठवड्यात अंतरपाटाला बारीकसा उंचवटा आला, नंतर तोही गेला. पाठवणी तर लोक चक्क ओलांडून जात होते. एकदा रडून झालेलं पुन्हा कोण बघत बसणार! दिवाळीनंतर मात्र त्या लिंकवर अचानक गर्दी झाली. तेवढ्याच तारखा निवडून आलेख काढला, तर एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास नुसता सुळका.

तिथे होती आहेराची रांग. स्टँडवरचा कॅमेरा, समोर स्टेज, माणसं चढतायत, पाकीट देतायत, फोटो काढून उतरतायत. डाव्या कोपऱ्यात नवरीची आई वरपक्षाच्या बायकांना हळदीकुंकू लावून साड्या देत होती. या भागावर आम्ही सहसा एखादं गाणं टाकतो आणि रांग छाटून अर्ध्यावर आणतो. इथेही तसंच केलं होतं.

उलगडा नवरीच्या भावाच्या फोनने झाला. "दादा, कापायच्या आधीचं फुटेज आहे का हो? आत्याबाईंना साडी दिली की नाही, तेवढंच बघायचंय."

नवऱ्याच्या आत्याबाई दिवाळीत बोलून गेल्या होत्या, माझा मान राहिला. तेव्हापासून दोन्ही घरं तीच दीड मिनिटं पुढेमागे करत होती. ऐन वेळी कुणीतरी मूल खांद्यावर घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं होतं. ते माणूस बाजूला होतं तेव्हा आत्याबाईंच्या हातात पिशवी आहे. मुलीकडचे म्हणत, ही बघा साडी. त्या म्हणत, पिशवी माझीच, घरून आणलेली. मी मूळ फुटेज काढलं. कापलेल्या भागात आत्याबाई रांगेत उभ्या होत्या, एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हातात आहेराचं पाकीट. पिशवी कुठेच नव्हती. तेवढा तुकडा पाठवला. आठवड्याभरात सुळका बसला. आत्याबाईंची समजूत पटली का, ते काही आलेखात येत नाही.

कोण बघतंय हेही त्यात येत नाही, म्हणून उंचवट्यांवरून माणसांची मनं वाचायला मी धजत नाही. बरेचसे उंचवटे स्वतःला शोधणाऱ्यांचे असतात. साडी कशी दिसली, टक्कल किती दिसतंय, आपण नेमके जिलेबी तोंडात घालताना सापडलो की काय. पण एवढं नक्की म्हणेन, की आम्ही नवरा-नवरीची प्रेमकथा विकतो आणि घराला हवी असते हजेरी. कोण आलं, कुणाशेजारी बसलं, कुणाला काय दिलं. जोडपं चार मिनिटांचा टीझर बघतं. अडीच तासांच्या फिल्मला राबवतात ते बाकीचे.

आता मी आहेराची रांग छाटत नाही आणि तिच्यावर गाणंही टाकत नाही. सिनेमाचं गाणं टाकलं की कॉपीराइटच्या दाव्यात कधी आवाज बंद होतो, हा भाग वेगळाच. खरं कारण असं, की गाण्याखाली माणसांचं बोलणं बुडतं, आणि 'अगो, तू कधी आलीस' एवढ्यासाठी लोक मागे येतात. आलेख मला दिसतो, हेही लिंक देतानाच सांगून टाकतो.

तुमच्या घरी कार्य असेल तर ऑर्डर देतानाच व्हिडिओवाल्याला दोन गोष्टी सांगा: रांग पूर्ण ठेव आणि मूळ आवाज ठेव. शक्य झालं तर मूळ फुटेजही हार्ड डिस्कवर मागून घ्या, कारण आम्ही ते फार दिवस जपून ठेवत नाही.