कंपनीला लिहिलेलं एक उत्तर

मैत्रिणींनो, यूट्यूबवर माझं स्वयंपाकाचं लहानसं चॅनेल आहे, ११,००० सभासदांचं. मध्यंतरी एका मसाला कंपनीचा ई-मेल आला. आमच्या गोड्या मसाल्यावर एक व्हिडिओ करा, ३,००० रुपये देऊ, वर मसाल्यांचा खोका. आणि अगदी तळाशी, ‘व्हिडिओचे सर्व हक्क कायमचे कंपनीकडे राहतील.’

खरी मेख त्या तळच्या ओळीत होती बरं का! माझ्या चॅनेलवर चार लोकांनी पाहणं वेगळं, आणि कंपनीने तोच व्हिडिओ कापून वर्षानुवर्षं स्वतःची जाहिरात म्हणून दाखवणं वेगळं. एरवी त्यासाठी त्यांना बाई, स्वयंपाकघर, कॅमेरा सगळंच भाड्याने आणावं लागलं असतं. शिवाय माझा चेहरा एका मसाल्याला चिकटला की दुसरा मसालेवाला कशाला येतोय?

मग वही घेऊन बसले. दोन दिवसांचं काम, दिवसाला १,५०० प्रमाणे ३,०००. सामान ७००. व्हिडिओ कापून-जोडून देणारा मुलगा १,८०० घेतो. म्हणजे घरातूनच ५,५०० गेले! त्यावर माझ्या प्रेक्षकांपुढे उभं राहण्याचे २,५०० धरले. प्रेक्षक मोजताना सभासद नाही मोजले. गेल्या दहा व्हिडिओंची सरासरी काढली, त्यातला एक भलताच गाजलेला वगळून, नाहीतर आकडा उगाच फुगतो. ती ६,००० निघाली.

उत्तर असं लिहिलं:

“नमस्कार. आपला मसाला आमटीला वापरून पाहिला, आवडला. माझे व्हिडिओ सरासरी ६,००० वेळा पाहिले जातात; तक्ता सोबत आहे. पूर्ण व्हिडिओचे ८,००० रुपये होतील, त्यात एक दुरुस्ती धरली आहे. आपल्याला तो जाहिरात म्हणून चालवायचा असल्यास तीन महिन्यांचे ३,००० वेगळे; कायमचे हक्क देता येणार नाहीत. निम्मी रक्कम चित्रीकरणाआधी, उरलेली व्हिडिओ लागल्यावर १५ दिवसांत. ही जाहिरात आहे हे मी सुरुवातीलाच सांगेन, तसा नियमच आहे.”

चार दिवस सामसूम. मग तिथल्या मुलीचा फोन, “ताई, सहा हजारांच्या वर साहेब जातच नाहीत हो.”

आता तेच काम सहा हजारांत केलं, तर पुढच्या वेळी आठ कोण देणार? म्हणून मी भाव नाही, काम कमी केलं. वेगळा व्हिडिओ नाही. माझ्या नेहमीच्या आमटीच्या व्हिडिओत दीड मिनिट त्यांच्या मसाल्याला. जाहिरातीचे हक्क नाहीत, दुरुस्ती नाही. “चालेल,” म्हणाली. “मग हे एवढं ई-मेलवर लिहून पाठव गं,” म्हटलं, कारण फोनवरचं बोलणं साहेब बदलले की हवेत जातं. तिने पाठवलं.

पहिले ३,००० आले तेव्हाच डाळ भिजत घातली. उरलेले यायला २२ दिवस लागले, आणि दोनदा आठवण करावी लागली. दोन्ही वेळा तिचाच ई-मेल खाली जोडून पाठवला.