शेवटचा म

तुर्की भाषेत लाड शब्दाच्या शेवटी बसतात. 'माझा' असा वेगळा शब्द जोडायची गरज पडत नाही, शेवटी म आला की झालं. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात मी शिकलेला असा पहिला शब्द जान, म्हणजे जीव. फारसीतून तो तिकडे गेला तसा आपल्याकडेही आला. त्याचं होतं जानम. शब्द स्वराने संपत असेल तर नुसता म पुरतो: कुझु म्हणजे कोकरू, कुझुम म्हणजे माझं कोकरू. व्यंजनाने संपत असेल तर मधे एक स्वर येतो, तोही शब्दातल्या शेवटच्या स्वराच्या जातीचा. ग्युल म्हणजे गुलाब. तो म्हणताना ओठ गोल होतात, म्हणून म लावतानाही ते गोलच ठेवायचे: ग्युल्युम.

दुसरा प्रत्यय 'जिक'. खरं तर तो लहानपणाचा. आन्ने म्हणजे आई. तिला जिक लावून मग म लावायचा. पण दोन स्वरांमध्ये सापडलेला क तिथे टिकत नाही, तो मऊ होऊन जवळजवळ विरून जातो. म्हणून कागदावर लांबलचक दिसणारा शब्द तोंडात आन्नेजीइम एवढाच उरतो. शब्दाच्या शेवटी त किंवा क असेल तर ज चा च होतो. तुर्की सैनिकाला सगळा देश प्रेमाने मेहमेतचिक म्हणतो, तो मेहमेत या नावावरूनच. कुणाला हाक मारताना मात्र जिकनंतरचा म सोडू नये, असं माझं मत. आपलेपणा त्या म मध्येच आहे.

पुढे इझमीरला राहिले तेव्हा शेजारची बाई आपल्या मुलाला हाक मारायची, "गेल आन्नेम!" म्हणजे, ये, माझी आई! मी वही काढून नियम शोधत बसले. नियम सापडला तो माणसांत. तुर्की घरांत मोठं माणूस आपलंच नातं मुलाला परत देतं: आई मुलाला 'आन्नेम' म्हणते, बाप 'बाबाम', आत्या-मावश्याही तशाच. व्याकरणाच्या कुठल्याच तक्त्यात हे मला दिसलं नव्हतं, आणि त्या भाषेतली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

हा म सगळीकडे प्रेमाचाच असतो असं नाही. विद्यापीठात प्राध्यापकाला होजाम म्हणतात, त्यात आदर आहे. 'जानम' सुद्धा सूर चढवून म्हटलं की वैतागाचं होतं; ते कानानेच ओळखावं लागतं.

आता त्या शेजारणीची धाकटी मुलगी व्हिडिओ कॉलवर येते. तेयझे म्हणजे मावशी. मी तिला म्हणते, "नासलसन, तेयझेजीइम?" म्हणजे, कशी आहेस, माझे मावशे? आणि ती लगेच शाळेतल्या भांडणाची हकीकत सांगायला लागते.