अम्मींची खुर्ची आणि पन्नास इंच

आमच्या बैठकीच्या खोलीत दिवाणापुढे, अगदी मधोमध, एक प्लास्टिकची खुर्ची असायची. ती अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. मगरिबनंतर टीव्ही लागला की त्या खुर्ची ओढत पुढे न्यायच्या आणि पडद्यापासून पाच फुटांवर बसायच्या. मागे दिवाणावर आम्ही. मग मुले म्हणायची, “दादी, थोडं सरका ना.” अम्मी डावीकडे सरकायच्या, मग उजवीकडे, आणि शेवटी “बघा बाबा तुम्हीच” म्हणत आत निघून जायच्या.

जुना बत्तीस इंची टीव्ही बंद पडला, तेव्हा घरात नेहमीचा वाद सुरू झाला. मुलाला पंचावन्न इंचांचा हवा होता, ह्यांना त्रेचाळीस पुरेसा वाटत होता. अम्मी म्हणाल्या, “बेटा, एवढा मोठा आणला तर तो छातीवर बसल्यासारखा वाटेल.” मीही त्रेचाळीसच्याच बाजूची होते. खोली दहा बाय बाराची, तीत दिवाण, शोकेस, आणि नमाजही तिथेच. मोठा टीव्ही म्हणजे हौस, असे माझे मत.

दुकानदाराने विचारले, “खोली केवढी आहे?” आणि मी दहा बाय बारा म्हणताच त्याने पंचावन्नकडे बोट केले. घरी येऊन मी टेप घेतली, तेव्हा कळले की त्याचा प्रश्नच अपुरा होता. टीव्ही खोली बघत नाही, डोळे बघतात. आमचा टीव्ही उत्तरेच्या भिंतीला आणि दिवाण दक्षिणेच्या भिंतीला. मधले अंतर दहा फूट, म्हणजे १२० इंच. पण तक्क्याला टेकून बसल्यावर डोळे भिंतीच्या सव्वा फूट पुढे येतात, आणि टेबलावरचा पडदा त्याच्या भिंतीपासून नऊ इंच पुढे असतो. उरले ९६ इंच, आठ फूट. दोन फूट असेच गेले.

बारा फुटांची बाजू का वापरत नाही, असे मुलाने विचारले. त्यासाठी टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला लावावा लागला असता, आणि तीच आमची किब्ल्याची बाजू. बंद टीव्हीची काळी काच म्हणजे आरसाच. समोर उभे राहिले की आपणच आपल्याला रुकूत जाताना दिसतो. नमाज होते की नाही, हा मसला मी मौलानांवर सोडते. लक्ष राहत नाही, एवढे मात्र मला स्वतःपुरते ठाऊक आहे. म्हणून भिंत उत्तरेचीच ठरली आणि अंतर आठ फूटच राहिले.

आता नेहमीचा हिशेब असा सांगतात की पडद्याचा जेवढा आकार, त्याच्या दीडपट ते अडीचपट अंतरावर बसावे. आकार म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी. खोक्यावर ती सेंटिमीटरमध्ये छापलेली असते, १०८ म्हणजे त्रेचाळीस इंच. मी ९६ला अडीचने भागले, ३८ आले. दीडने भागले, ६४ आले. म्हणजे अडतीसपासून चौसष्टपर्यंत काहीही घ्या! मुलगाही बरोबर, हेही बरोबर. ज्या हिशेबाने दोघांचेही समाधान होते, त्याने टीव्ही कसा निवडणार?

उत्तर मिळाले धाकट्या दिरांच्या घरी. त्यांची खोली आमच्याएवढीच, टीव्ही पंचावन्नचा. तिथे केबलवर साध्या चॅनेलच्या बातम्या बघताना निवेदिकेचा चेहरा ओल्या कागदावर छापल्यासारखा दिसत होता. दिरांना वाटत होते की टीव्हीत खोट आहे. खोट टीव्हीत नव्हती. साध्या चॅनेलचे चित्र ५७६ आडव्या रेषांचे असते. पडदा कितीही मोठा घ्या, रेषा तेवढ्याच राहतात, फक्त त्या ताणल्या जातात. पंचावन्न इंची पडद्याची उंची साधारण सत्तावीस इंच. त्यात ५७६ रेषा बसवल्या तर एकेक रेष सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड होते. आठ फुटांवरून चांगल्या नजरेला पाऊण मिलिमीटरपर्यंतचा बारकावा वेगळा ओळखता येतो. म्हणजे ती जाडी डोळ्यांना कळणारच, आणि चित्र फिसकटलेले वाटणारच. आमच्या जुन्या बत्तीसवर हीच रेष पाऊण मिलिमीटरच्या आत होती, म्हणून तोच चॅनेल त्यावर नेटका दिसायचा. उलट एचडी चित्रात १०८० रेषा असतात. त्यामुळे पंचावन्नवरही एचडी चॅनेल आठ फुटांवरून स्वच्छ दिसतो. दिरांच्याच टीव्हीवर आम्ही इंटरनेटवरून हरमचे थेट प्रक्षेपण लावून पाहिले, तर मताफातल्या माणसांची गर्दी सुबक दिसली. दिरांनी सेट-टॉप बॉक्स मात्र जुनाच ठेवला होता.

चार हजारांच्या घरातली ती ‘फोर के’ची गोष्टही दुकानात फार सांगतात. आठ फुटांवरून त्रेचाळीस किंवा पन्नास इंचांवर एचडी आणि फोर के यांतला फरक माझ्या डोळ्यांना दिसला नाही, आणि वरच्या हिशेबाने तो दिसायलाही नको. दोन्हींच्या रेषा डोळ्यांच्या मर्यादेच्या आतच आहेत.

एवढे झाल्यावर मी त्रेचाळीसवर शिक्का मारणार होते. तेवढ्यात नजर त्या खुर्चीवर गेली. टीव्ही नव्हता, तरी खुर्ची तिथेच होती. अम्मी पाच फुटांवर का बसतात, हे आम्ही कोणी विचारलेच नव्हते. वय झाले, सवय आहे, असे धरून चाललो होतो. विचारल्यावर म्हणाल्या, “बयानात खाली आयतीचा तर्जुमा लिहून येतो ना, तो तिथूनच वाचता येतो. तुमच्यासारखं मागे बसले की नुक्ते दिसत नाहीत.”

मी उर्दू शिकवते, तरी हे मला सुचले नव्हते. बे, पे, ते यांचा दांडा एकच. खाली एक नुक्ता असेल तर बे, तीन असतील तर पे, वर दोन असतील तर ते. नुक्ते एकमेकांत मिसळले की वाचणारा अंदाजाने वाचतो, आणि आयतीचा तर्जुमा अंदाजाने वाचणे अम्मींना पटत नाही.

आधी त्यांचे डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. चष्म्याचा लांबचा नंबर बदललेला नव्हता. हे आधी करणे बरे, कारण जवळ जाऊनही अक्षर पुसटच दिसत असेल, तर ते काम डॉक्टरांचे आहे, मोठ्या पडद्याचे नाही. अम्मींना जवळून स्पष्ट दिसत होते. त्यांना फक्त अक्षर मोठे हवे होते.

मग हिशेब अगदी सोपा झाला. बत्तीसच्या पडद्यावर पाच फुटांवरून जे अक्षर वाचता येते, तेच अक्षर मोठ्या पडद्यावर त्या प्रमाणात दुरून वाचता येईल. पाचला त्रेचाळीसने गुणून बत्तीसने भागले, तर पावणेसात फूट आले. म्हणजे त्रेचाळीस आणला असता तरी खुर्ची दिवाणापुढेच राहिली असती, फक्त पावणेदोन फूट मागे. पन्नासचे आले जवळपास आठ फूट, पंचावन्नचे साडेआठच्या थोडे वर. आणि दिवाण आठ फुटांवर आहे. मी ज्याला हौस म्हणत होते, तेवढाच पडदा अम्मींना आमच्याबरोबर दिवाणावर बसवणारा होता. मुलासमोर हे कबूल करताना जरा जड गेले.

पन्नास की पंचावन्न, हे भिंतीने ठरवले. उत्तरेच्या भिंतीवर दार आणि खिडकी यांच्यामध्ये बावन्न इंच जागा आहे. पंचावन्नचा पडदाच अठ्ठेचाळीस इंच रुंद. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच उरले असते, आणि दाराचा पडदा रोज त्याला घासला असता. पन्नासची रुंदी साडेत्रेचाळीसच्या थोडी वर, उंची साडेचोवीस. जुनी वर्तमानपत्रे त्या मापाने चिकटवून आम्ही ती दोन दिवस भिंतीवर लावून ठेवली. हा प्रकार प्रत्येकाने करावा, खर्च चिकटपट्टीचा. पहिल्या दिवशी अम्मी म्हणाल्या, “फारच मोठं दिसतं.” दुसऱ्या दिवशी दिवाणावर बसून त्यांनी भिंतीवरचे मथळे वाचायला सुरुवात केली.

त्या कागदानेच उंचीही ठरवली. बसवणारा मुलगा आला तो पाच फुटांवर भोके पाडायच्या तयारीत. सगळीकडे असेच लावतात, म्हणाला. आमचा दिवाण सोळा इंच उंच, त्यावर बसल्यावर अम्मींचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतात. पडद्याचा मध्य तिथेच हवा, म्हणजे खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर. अम्मींचा चष्मा बायफोकल आहे. पडदा उंच असला की मान मागे जाते, आणि नजर चष्म्याच्या खालच्या, पुस्तक वाचायच्या भागातून जाते. त्यातून दूरचे सगळे धूसर दिसते. बसवणाऱ्याला हे पटवायला चहा लागला, पण त्याने ऐकले. भिंतीलाच बसवल्यामुळे टेबलाचे काही इंच परत मिळाले. अक्षराचे माप आठ फुटांना टेकत होते, म्हणून मी दिवाण तेवढा पुढे घेतला. मागे जानमाज ठेवायला अरुंद जागा झाली.

सेट-टॉप बॉक्स एचडीचा घेतला आणि घरात जे चार-पाच चॅनेल खरोखर बघितले जातात, तेवढेच एचडीत घेतले. हे केले नसते तर दिरांच्या घरचा ओला कागद आमच्याकडेही आला असता, कारण साधे चित्र पन्नासवरही ताणले जातेच. एक जुना बातम्यांचा चॅनेल अजून साधाच आहे, तो लागला की फरक लगेच कळतो. ह्यांना तोच आवडतो, त्याला इलाज नाही.

पहिल्या संध्याकाळी अम्मींनी सवयीने खुर्ची ओढली. मग थांबल्या, मागे बघितले आणि दिवाणावर माझ्या आणि नातीच्या मध्ये येऊन बसल्या. बयान लागले होते. तर्जुमा खाली उमटला, तशी त्यांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली, बोलणाऱ्याच्याही आधी. आता मुलाची तक्रार अशी आहे की दादी सगळे आधीच सांगून टाकतात.