फोटोतलं सोनं कुठलं?



दिवाळीच्या फोटोंच्या रंगदुरुस्तीचं काम या वर्षीही तुमच्याकडेच द्यायचं आहे. पण तारखा कळवण्याआधी गेल्या वर्षीचं एक सांगायचं राहिलंय. प्रत्येक फोटो मी "अजून पिवळा करा" म्हणून परत पाठवत होतो. तुम्ही मंजूर नमुना मागितलात, ग्रे कार्ड ठेवून फोटो काढा म्हणालात, तेव्हा मला वाटलं, हा माणूस वेळ काढतोय. सोन्याचा रंग मला कोणी शिकवायची गरज नाही, अशी माझी घमेंड होती. गुजरीत तीन पिढ्या काढलेल्या घराला ती शोभतही असेल, पण तुमच्या कामाचं तिने नुकसान केलं.

ती घमेंड कुठे मोडली ते सांगतो. दिवाळीनंतर लग्नाच्या खरेदीला एक बाई मुलीला घेऊन आल्या. तुम्ही केलेला ठुशीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. मी तीच ठुशी काढून समोर ठेवली. त्यांनी मोबाइल तिच्याशेजारी धरला आणि विचारलं, "हे फिकं का? बावीसचंच आहे ना?" मी हॉलमार्क दाखवला, बीआयएस केअर ॲपवर एचयूआयडी टाकून दाखवला. माहिती जुळली, पण त्यांचा चेहरा काही बदलला नाही. आकड्यावर विश्वास होता, डोळ्यांवर नव्हता. मग मी कसोटीचा दगड काढला. ठुशीच्या फाशाची एक रेघ ओढली, शेजारी माहीत असलेल्या बावीस कॅरेटच्या सळईची ओढली, दोन्हींवर तेजाब फिरवलं. रेघा सारख्याच राहिल्या. बाईंनी वाकून त्या बराच वेळ पाहिल्या. समाधान झालं. मग सहज, कुठलाही आरोप न करता, त्या म्हणाल्या, "मग फोटोतलं सोनं कुठलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तसं सोनं कुठे नव्हतंच, ते मी तुमच्याकडून करून घेतलं होतं.

त्या रात्री दुकान बंद केल्यावरही तो दगड माझ्यासमोर होता. नुसत्या नजरेने सोनं पारखलं, असं माझ्या आजोबांनीही कधी म्हटलं नाही. शेजारी ओळखीची रेघ लागतेच. आणि ज्यांनी ती ठुशी कधी हातात घेतलेली नाही त्या तुमच्याकडून मी शेजारच्या रेघेशिवाय रंग ओळखायची अपेक्षा करत होतो. तुम्ही मागत होता तो नमुना म्हणजे तीच दुसरी रेघ. हे कळायला मला गिऱ्हाइकाचा संशय लागावा, याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मोबाइल आणि तीच ठुशी घेऊन मी दाराशी उजेडात उभा राहिलो. तुमचा पहिला, मी नापसंत केलेला फोटो ठुशीला सगळ्यात जवळचा होता. मी मंजुरी द्यायचो ती रात्री, काउंटरवरच्या पिवळ्या दिव्यांखाली, तीही मोबाइलचा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू असताना. त्या दिव्यांत दागिना मुळातच जास्त पिवळा दिसतो, आणि पडद्यावर तोच पिवळा आणायच्या हट्टाने मी तुम्हाला रंग चढवायला लावत होतो. रंग चढला तसे ठुशीचे मणी एकमेकांत मिसळले, उजेडाच्या बाजूची वीण सपाट झाली. ज्या बारीक कामाची आम्ही मजुरी घेतो, तेच फोटोतून गेलं.

दुसरी गोष्ट लाल मखमलीची. सोनं आरशासारखं आजूबाजूचं सगळं आपल्यात घेतं. मखमलीवर ठेवलेल्या ठुशीच्या प्रत्येक मण्याच्या खालच्या अंगाला लालसर सावली येते. ग्रे कार्डाने दिव्याचा रंग काढता येतो, पण मण्यात शिरलेला मखमलीचा लाल काढता येत नाही, हे तुम्ही सांगितलं होतं. यंदा फोटो करड्या कागदावर काढू, दुकानातले दिवे बंद करून, एकाच प्रकारच्या पांढऱ्या उजेडात.

नमुने दोनच ठरवू. एक साध्या पॉलिशचं बावीस कॅरेट, त्यासाठी तीच ठुशी. दुसरा गेरू पॉलिशचा साज, कारण त्याचा तांबूसपणा साध्या सोन्याच्या मापाने सुधारला की दागिना नवा आणि परका दिसतो. बावीस कॅरेटमध्ये हजारात ९१६ भाग सोनं. उरलेल्यात तांबं जास्त असेल तर लालसर झाक येते, चांदी जास्त असेल तर फिकट हिरवट. शुद्धता तीच असते, पण गिऱ्हाईक रंगावरूनच कस ठरवतं. म्हणून दोन दागिन्यांमधला हा फरक फोटोत पुसू नका, माझ्याकडून तसा निरोप आला तरीही.

प्रत्येक नमुन्याच्या पहिल्या फोटोत ग्रे कार्ड असेल. त्या करड्या चौकोनात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे येईपर्यंत तुम्ही रंग बसवा आणि मग कार्डाशिवायच्या फोटोंना तीच दुरुस्ती लावा. फाइल sRGB मध्ये, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी ती दिवसा, दाराशी, दागिना शेजारी धरून पाहीन. पसंत पडली की `thushi_22k_manjur` असं नाव देऊन तुमच्याकडेच परत पाठवीन. त्यानंतर माझा शब्द आणि ती फाइल जुळले नाहीत, तर फाइल खरी धरा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर रंग तंतोतंत येणार नाही, हे मला मान्य आहे. शेजारी धरल्यावर संशय येऊ नये, एवढंच पुरे.

आता तारखा. यंदा ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखांवर जाऊ नका. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती, या वर्षी ती ६ नोव्हेंबरला आहे. दिवस जास्त मिळाले असं वाटेल, पण माझी खरी मुदत धनत्रयोदशी नाहीच. माझे बरेच कारागीर बंगालचे आहेत. दुर्गापूजेला ते गावी जातात, ती दसऱ्याच्या, म्हणजे २० ऑक्टोबरच्या सुमारास. ते परतल्यावर साजासारखं ऑर्डरचं काम हातात घ्यायला वेळच उरत नाही. म्हणून ऑर्डरवर होणाऱ्या दागिन्यांचे फोटो आधी हवेत, २० सप्टेंबरपर्यंत. त्यासाठी दोन्ही नमुने १४ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीआधी मंजूर झालेले असायला हवेत. तयार मालाचे, म्हणजे नथी, वेढणी, नाणी यांचे फोटो ५ ऑक्टोबरपर्यंत चालतील. पितृपंधरवड्यात दुकान शांत असतं, तेव्हा हे दागिने ट्रेमधून काढून फोटोला देता येतात. घटस्थापनेला, ११ ऑक्टोबरला, ते गिऱ्हाइकांना दाखवायला मांडायचे आहेत.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा फोटो मात्र वेगळा मंजूर करू. त्या कागदावर शाई मुरते आणि सोनं मातकट दिसतं, म्हणून छापलेला नमुना पाहिल्याशिवाय मी होकार देणार नाही.

गेल्या वर्षीच्या जादा फेऱ्यांचे पैसे तुम्ही मागितले नाहीत. त्या फेऱ्या माझ्यामुळे झाल्या होत्या. बिल पाठवा, या कामाच्या आगाऊ रकमेसोबत ते चुकतं करतो. आणि जमलं तर नमुन्यांच्या दिवशी लॅपटॉप घेऊन गुजरीत या. तन्मणीच्या मोत्यांचा पिवळसरपणा किती ठेवायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते मोती शेजारी ठेवूनच ठरवू.

आपला,
गुजरीतला एक सराफ