वीरगळाशेजारची फूटपट्टी

आमच्याकडे देवळांच्या आवारात जुने वीरगळ उभे असतात. जीर्णोद्धारात ते हलवले जातात, कधी नव्या भिंतीआड जातात. मग उरतो तो फक्त फोटो, आणि फोटोवरून दगड हातभर होता की पुरुषभर, ते कळत नाही. म्हणून मी दगडाला टेकवून ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवतो आणि मगच फोटो काढतो.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा. संगणकावर ImageJ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात पट्टीच्या ० पासून ३० पर्यंत रेघ ओढली आणि ती ६०० पिक्सेल भरली, तर सेंटिमीटरला २० पिक्सेल झाले. हे Set Scale मध्ये एकदा भरावे. मग १६८० पिक्सेल उंचीचा दगड ८४ सेंटिमीटरचा ठरतो.

मात्र पट्टी दगडाच्या दर्शनी बाजूला लागूनच हवी. कॅमेरा दगडापासून २ मीटरवर असताना कोणी ती २० सेंटिमीटर पुढे धरली, तर जवळ आल्याने पट्टी मोठी दिसते आणि तोच दगड साडेपंचाहत्तरच भरतो. फोटो पाहून ही चूक ओळखता येत नाही.

कॅमेरा कलला असेल तर मात्र कळते. सारख्याच दोन पट्ट्या ठेवाव्यात, एक पायथ्याशी, एक माथ्याशी. खालची ६०० आणि वरची ५४० पिक्सेल भरली, तर फोटो खालून वर बघत काढला आहे असे समजावे, आणि दगड जागेवर आहे तोवर कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर सरळ धरून पुन्हा काढावा.

कोरीवकामाची खोली मात्र असल्या फोटोत मिळत नाही. ती जागेवरच मोजून वहीत लिहावी लागते.